विश्लेषण : कॉफी बेचव लागते? पाकीट बदलण्याआधी नळाचे पाणी तपासा

चिकमंगळूरच्या एकाच मळ्यातली, एकाच दिवशी भाजलेली कॉफी पुण्यात कोथरूडच्या घरात फळासारखी आंबटगोड लागते आणि वाघोलीच्या घरात ओल्या पुठ्ठ्यासारखी. असे झाले की दोष बहुतेक वेळा कॉफीवाल्याच्या माथी मारला जातो. मग महागडे पाकीट येते, त्यानंतर ग्राइंडर येतो, नंतर लांब चोचीची किटली येते आणि चव तिथल्या तिथे राहते. कपातला 98 टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा असतो, याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. गेलेच, तर घरोघरी असलेले टीडीएस मीटर बुडवून एक आकडा पाहिला जातो आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवून आणखी एक चूक होते.

माझे मत स्पष्ट आहे. काळी कॉफी पिणाऱ्यांनी टीडीएसच्या मागे धावणे सोडावे. जड पाण्यात कॉफीची चव मारणारा मुख्य घटक टीडीएस नव्हे, तो बायकार्बोनेट आहे. त्यावरचा उपायही पाण्यातले सगळे क्षार काढून टाकणे हा नाही. ते थोडे शिल्लक ठेवणे, हा आहे.

पाणी जड कशाने होते?

शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हणत, तेच हे. साबणाला फेस येत नाही, गीझरची कॉइल पांढरी पडते आणि ‘बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही’ अशी तक्रार घराघरांत ऐकू येते. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम म्हणजे त्याचा जडपणा.

पुण्याला पाणी देणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणे सह्याद्रीत पडणाऱ्या पावसावर भरतात. ते पाणी फार काळ खडकात मुरत नाही, म्हणून ते हलके असते. मुंबईला मिळणारे भातसा, तानसा आणि वैतरणेचे पाणीही याच जातीचे. बोअरवेलचे तसे नाही. मातीत मुरताना पावसाचे पाणी तिथला कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकातून कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जाते. या व्यवहारात पाण्यात बायकार्बोनेटही तयार होते. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक बोअरच्या पाण्यात जडपणा आणि बायकार्बोनेट ही जोडगोळी एकत्रच सापडते. शहराच्या कडेला वाढलेल्या सोसायट्यांत कधी धरणाचे, कधी बोअरचे, कधी टँकरचे पाणी टाकीत पडते. सोमवारची कॉफी गुरुवारी वेगळी लागली, तर त्यात गूढ काही नसते.

चव नेमकी कुठे बिघडते?

इथे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बाजू घ्यावी लागेल. ते कॉफीचे शत्रू नाहीत. बाथ विद्यापीठातला रसायनशास्त्राचा संशोधक ख्रिस्तोफर हेंडन आणि कॉफी व्यवसायातले मॅक्सवेल व लेस्ली कोलोना-डॅशवूड यांनी 2014 मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. कॉफीतले चव देणारे रेणू पाण्यातल्या कोणत्या आयनांना किती घट्ट धरतात, याचे गणित त्यांनी संगणकावर मांडले. त्यात मॅग्नेशियम सरस ठरले आणि कॅल्शियमचाही उपयोग दिसला, सोडियमचा मात्र फारसा नाही. हे गणित आहे, प्रत्यक्ष चव घेऊन काढलेला निष्कर्ष नाही, हे ध्यानात ठेवायला हवे. तरीही थोडा जडपणा असलेल्या पाण्यात कॉफी भरदार होते, हा अनुभव कॉफी व्यवसायात जुना आहे.

बिघाड करतो तो बायकार्बोनेट. कॉफीतला ताजेपणा, ते फळाची आठवण करून देणारे आंबटपण, सायट्रिक, मॅलिक अशा आम्लांमुळे येते. बायकार्बोनेट आम्लाला भेटला की त्याला निकामी करतो आणि स्वतः कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. आम्ल गेले की उरतो तो कडवटपणा आणि मातकट सपाट चव. पाण्याच्या या आम्ल गिळण्याच्या ताकदीला अल्कलिनिटी म्हणतात. पीएच ही वेगळी गोष्ट आहे. दोन पाण्यांचा पीएच सारखा असूनही त्यांची अल्कलिनिटी कितीतरी पट वेगळी असू शकते.

ताकद म्हणजे किती, याचा अंदाज येण्यासाठी एक हिशेब करू. समजा, लिटरमागे अल्कलिनिटी 300 मिलिग्रॅम आहे. बोअरच्या पाण्यात हा आकडा नवलाचा नाही. अशा पाण्याचा 250 मिलीचा कप घेतला, तर त्यात साधारण अष्टमांश ग्रॅम खायचा सोडा टाकल्याइतका परिणाम आधीच भरलेला असतो. लिंबाच्या भाषेत सांगायचे, तर एवढे पाणी सुमारे 2 मिली लिंबाच्या रसातले आम्ल गिळू शकते. कुणी आपल्या कॉफीत रोज नेमाने चिमूटभर सोडा टाकत असेल, तर आपण त्याला वेड्यात काढू. जड पाण्याने कॉफी करणारे तेच करत असतात. पटत नसेल, तर चांगल्या काळ्या कॉफीच्या कपात सोड्याचे थोडेसे कण टाकून चव घ्या. ही सपाट चव तुम्हाला लगेच ओळखू येईल.

स्पेशालिटी कॉफी असोसिएशनची शिफारसही याच दिशेने जाते. अल्कलिनिटी लिटरमागे साधारण 40 ते 70 मिलिग्रॅम हवी आणि जडपणा मात्र 50 ते 175 पर्यंत चालतो. म्हणजे जडपणाला बरीच सूट आहे, अल्कलिनिटीला फारशी नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात या दोन्हींची स्वीकारार्ह मर्यादा 200 आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत मुभा आहे. ते मानक सुरक्षित पाण्यासाठी आहे, कॉफीसाठी नाही. पाणी पिण्यास उत्तम आणि कॉफीसाठी निरुपयोगी, असे अगदी सहज होऊ शकते.

मग टीडीएस मीटरचे काय?

हे मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजते आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज सांगते. क्षार कोणता, हे त्याला कळत नाही. मीठ, बायकार्बोनेट, मॅग्नेशियम सगळे एकाच पोत्यात. याचा सगळ्यात चांगला पुरावा सोसायटीतल्या सॉफ्टनरपाशी मिळतो. सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम ठेवतो. गीझर वाचतो, साबणाला फेस येतो, पण मीटरवरचा आकडा जवळपास तोच राहतो आणि बायकार्बोनेटला तर धक्काही लागत नाही. कॉफीच्या दृष्टीने हा तोट्याचाच सौदा आहे. कामाचे खनिज गेले, नको असलेला बायकार्बोनेट राहिला.

(जाता जाता : दारावर येणारे विक्रेते पाण्यात दोन सळ्या बुडवून तपकिरी गाळ काढून दाखवतात आणि ‘हे पिता तुम्ही’ म्हणतात. तो गाळ बहुतांशी त्या लोखंडी सळ्यांचाच असतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्याने वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहते. एवढेच.)

खरी मोजणी घरी करता येते आणि ती सोपी आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आम्ही सगळ्यांनी ईडीटीए टायट्रेशन केले आहे. लालसर जांभळे द्रावण निळे होईपर्यंत ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचे, जर्नलमध्ये आकडा लिहायचा आणि व्हायवात ‘याचा उपयोग काय’ या प्रश्नावर ‘बॉयलर’ असे उत्तर द्यायचे. त्याच प्रयोगाची छोटी आवृत्ती माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात मिळते. जीएच आणि केएच अशा नावाच्या दोन बाटल्या असतात. जीएच म्हणजे जडपणा, केएच म्हणजे अल्कलिनिटी. नळीत 5 मिली पाणी घ्यायचे, एकेक थेंब टाकून हलवायचे आणि रंग पालटेपर्यंत थेंब मोजायचे. नेहमीच्या किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरमागे सुमारे 18 मिलिग्रॅम. कॉफीसाठी फक्त केएच घेतले तरी काम भागते.

एका घरातला हिशेब

पुण्याच्या पूर्वेकडच्या ज्या सोसायटीत मी राहते, तिथे बोअर आणि टँकरचे मिश्रण येते. स्वयंपाकघराच्या नळाच्या पाण्याचा केएच रंग 17 थेंबांनी बदलला, म्हणजे अल्कलिनिटी सुमारे 305. जीएचला 20 थेंब लागले, म्हणजे जडपणा सुमारे 360. आरओच्या पाण्याचा रंग मात्र दोन्ही बाटल्यांत पहिल्याच थेंबाला पालटला. ते 18 पेक्षा कमी, हिशेबासाठी 15 धरू.

आरओ हे उत्तर असेल असे वाटते, पण नाही. त्या पाण्यात आम्लाला आवर घालणारे जवळजवळ काहीच नसते आणि चव ओढून घेणारी खनिजेही नसतात. कॉफी टोचणारी आंबट आणि पोकळ होते. दोन टोकांच्या मधले पाणी हवे आणि ते बनवायला दोन्ही पाणी घरातच आहेत. एक लिटरमध्ये 150 मिली नळाचे आणि 850 मिली आरओचे पाणी घेतले, की अल्कलिनिटी सुमारे 58 आणि जडपणा सुमारे 67 वर येतो. मिश्रण पुन्हा तपासले, तेव्हा चौथ्या थेंबाला रंग बदलला. हिशेब जुळला.

मग धाकट्या भावाला तीन कप दिले. प्रत्येकात मध्यम भाजलेल्या अरेबिकाची 15 ग्रॅम पूड, 250 मिली पाणी, दळण आणि वेळ सारखी, कपाच्या बुडाला चिठ्ठी. नळाच्या पाण्याच्या कपाला तो म्हणाला, “ताई, यात काही चवच नाही, नुसतं कडू.” आरओचा कप त्याला ‘आधी लिंबू आणि मग काहीच नाही’ असा वाटला. मिश्रणाचा कप त्याने संपवला. तीन दिवस हे केले. दोन दिवस त्याने मिश्रण निवडले, एक दिवस आरओ. नळाचे पाणी एकदाही नाही. एका माणसाच्या जिभेवर सिद्धांत उभा राहत नाही, पण शेवटचा मुद्दा मला पुरेसा बोलका वाटतो. लोकांचे मत मिश्रण आणि आरओ यांत विभागले जाऊ शकते, जड पाण्याच्या बाजूने मात्र फारसे कुणी बोलणार नाही.

तुमच्या घरचे प्रमाण काढायला सोपी रीत अशी : 2500 ला केएचच्या थेंबांनी भागा. जे उत्तर येईल, तेवढे मिली नळाचे पाणी घ्या आणि आरओने लिटर पूर्ण करा. 10 थेंब असतील तर 250 मिली, 5 असतील तर अर्धे-अर्धे. 3 किंवा 4 थेंबांतच रंग बदलला, तर काही करू नका, पाणी कॉफीला योग्यच आहे. एक अट मात्र पाळायची. मिश्रणातले नळाचे पाणी शुद्ध केलेले नसते, म्हणून संपूर्ण मिश्रण किमान एक मिनिट खळखळून उकळू द्या आणि मग कॉफीपुरते किंचित थंड करून वापरा.

फिल्टर लावला तर?

‘फिल्टर’ या एका शब्दात आपण चार निरनिराळी यंत्रे कोंबतो. कँडलचा फिल्टर गाळ अडवतो. नळाला लावायचा कार्बन फिल्टर क्लोरीन आणि वास काढतो. यूव्ही जंतू मारतो. या तिघांचा बायकार्बोनेटशी काही संबंध नाही. धरणाचे हलके पाणी येणाऱ्या घरात कार्बन फिल्टर उपयोगी आहे, कारण तिथे कॉफीची तक्रार असली तर ती क्लोरीनच्या औषधी वासाची असते. बोअरच्या पाण्यात तो लावून कॉफी सुधारण्याची वाट पाहणे व्यर्थ.

चौथा प्रकार रेझिन असलेल्या जगचा. कार्बनच्या जोडीला त्यात असे रेझिन असते, की ते कॅल्शियम धरून त्याच्या बदल्यात पाण्यात हायड्रोजन आयन सोडते. हा हायड्रोजन बायकार्बोनेटला संपवतो. म्हणजे जडपणा आणि अल्कलिनिटी दोन्ही एकदम खाली येतात, कॉफीला हवे तसे. अडचण एवढीच, की फार जड पाण्यात काडतूस लवकर दमते आणि दमले हे चवीवरून हळूहळूच कळते. इथेही केएचची बाटली कामी येते. गाळलेल्या पाण्याचे थेंब दर आठवड्याला वाढू लागले, की काडतूस बदलण्याची वेळ झाली. शिवाय हा जग अशुद्ध पाणी पिण्यायोग्य करत नाही.

आरओ यंत्र असलेल्यांनी आपल्या यंत्रात टीडीएस कंट्रोलर आहे का ते पाहावे. तो म्हणजे दुसरे तिसरे काही नसून थोडे पाणी पडद्याला वळसा घालून पुन्हा मिसळणारा छोटा व्हॉल्व्ह. मी जे मापाच्या भांड्याने केले तेच तो करतो. सर्व्हिसला येणाऱ्या माणसाकडून तो थोडा उघडून घ्या आणि केएच 3-4 थेंबांवर येईपर्यंत तपासा. ‘अल्कलाइन’ नावाचे जास्तीचे काडतूस मात्र कॉफीसाठी टाळलेले बरे. आपण जे कमी करायला निघालो, तेच वाढवण्याचे पैसे कशाला द्यायचे?

आरओ नसेल तर?

पाणी उकळा, पण किटली ‘टक’ वाजेपर्यंत नव्हे. पातेल्यात पाच-दहा मिनिटे खळखळून उकळले, की कॅल्शियम आणि बायकार्बोनेट एकत्र येऊन पांढऱ्या चुन्याच्या रूपात खाली बसतात. पातेले झाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी तळ न ढवळता वरचे पाणी ओतून घ्या. तळातला पांढरा थर हा तुमच्या कॉफीतून वजा झालेला सोडा समजा. मॅग्नेशियम सहज खाली बसत नाही आणि सगळा बायकार्बोनेटही जात नाही, त्यामुळे या पाण्याला मिश्रणाची सर येणार नाही. पण गॅसशिवाय खर्च नाही.

उकळण्याने फ्लोराइड किंवा नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढते. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही भागांत भूजलातल्या फ्लोराइडचा प्रश्न जुना आहे. अशा ठिकाणी बोअरचे पाणी उकळून किंवा मिसळून वापरण्याचा खटाटोप करू नये. तिथे निव्वळ आरओची कॉफी थोडी आंबट लागली तरी चालेल.

हे सगळ्यांनीच करायचे का?

नाही. आपल्याकडच्या बहुतेक घरांत कॉफी म्हणजे दुधात इन्स्टंट पूड, साखर आणि वर किसलेले जायफळ. त्यात पाण्याला बोलायला वावच नसतो. दुधाची स्वतःची आम्ल सावरण्याची ताकद मोठी आहे. दाक्षिणात्य फिल्टरच्या डिकॉक्शनमध्ये पुडीच्या मानाने पाणी फारच कमी असते, त्यामुळे प्रत्येक ग्रॅम कॉफीच्या वाट्याला बायकार्बोनेटही कमी येतो. त्यातली कॉफी गडद भाजलेली आणि चिकोरी मिसळलेली असेल, तर तिचा भर आंबटपणावर नसतोच. पाण्याचा फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो हलकी किंवा मध्यम भाजलेली कॉफी दूध न घालता पिणाऱ्यांना. नेमके हेच लोक पाकिटाला सर्वाधिक पैसे मोजतात.

एकदा काढलेले प्रमाण वर्षभर चालेल असे मात्र समजू नका. मार्चनंतर टँकरच्या फेऱ्या वाढल्या किंवा पावसाळ्यात पालिकेचे पाणी जास्त मिळू लागले, की टाकीतले पाणी बदलते. जूनमध्ये भांड्याचा पांढरा डाग अचानक कमी झालेला दिसला, तर नळाचे थेंब पुन्हा मोजा. 17 चे 6 झाले असतील, तर लिटरमध्ये आता 150 नव्हे, 400 मिलीहून थोडे जास्त नळाचे पाणी लागेल.